गोवराच्या रुग्णांबाबत रुग्णालयाचे प्रसिद्धिपत्रक : धीर देणारे, पण तपशिलाला पक्के

प्रश्न : आमच्या १०० खाटांच्या रुग्णालयात २४ फेब्रुवारीपासून गोवराची लक्षणे असलेली ७ मुले दाखल झाली. तिघांचे अहवाल पॉझिटिव्ह आहेत. सातांपैकी आणखी एक मूल २ मार्चला ओपीडीत आले होते, ३ तारखेला संध्याकाळी न्यूमोनिया म्हणून सर्वसाधारण बालविभागात दाखल झाले आणि ५ तारखेला सकाळी पुरळ दिसल्यावर आम्ही त्याला वेगळे ठेवले. त्याचा अहवाल यायचा आहे. आज, ६ मार्चला, त्याच विभागातल्या एका परिचारिकेच्या अंगावरही पुरळ आले आहे. वार्ताहरांचे फोन सुरू झाले आहेत. लोक घाबरणार नाहीत आणि खोटेही काही जाणार नाही, असे प्रसिद्धिपत्रक कसे लिहावे?

उत्तर :

पत्रक आजच संध्याकाळी गेले पाहिजे. उरलेल्या अहवालांची वाट पाहू नका. या घाईचे कारण वार्ताहर नव्हेत, गोवराचे वेळापत्रक आहे. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली, तर आजार टळण्याची किंवा सौम्य राहण्याची चांगली शक्यता असते. ज्यांना लस देता येत नाही अशा तान्ह्या बाळांना, गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना ६ दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, देता येते. तुमच्या विभागात जे ४ मार्चला सकाळी पहिल्यांदा आले, त्यांच्या लसीची मुदत उद्या सकाळी संपते. २ तारखेला ओपीडीत बसलेल्या तान्ह्या बाळाची इम्युनोग्लोब्युलिनची मुदत ८ तारखेला संपते. परवा सगळे अहवाल हातात घेऊन काढलेले पत्रक कितीही नेटके असले, तरी या लोकांच्या उपयोगाचे राहणार नाही.

लोकांना धीर कशाने येतो, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. «परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये» हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रकात असते आणि त्याने कोणाचीही भीती कमी झालेली मी पाहिलेली नाही. ज्या आईचे आठ महिन्यांचे बाळ त्या दिवशी त्या विभागात होते, तिला हे वाक्य काहीच सांगत नाही. आणि जी व्यक्ती महिन्याभरात रुग्णालयाकडे फिरकलेलीही नाही, तिलाही ते आपला धोका नेमका किती हे सांगत नाही. ठिकाण, तारीख आणि वेळ दिली की वाचणारा दहा सेकंदांत स्वतःपुरते उत्तर काढतो. बहुसंख्य लोकांचे उत्तर «आपला संबंध नाही» असेच येते. ज्यांचा संबंध आहे, त्यांना पुढच्याच ओळीत फोन क्रमांक मिळतो. म्हणून या पत्रकाचा गाभा म्हणजे संपर्काचा कालावधी, आणि तो आधी नीट काढावा लागतो.

तो असा काढा. गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या ४ दिवस आधीपासून पुरळानंतर ४ दिवसांपर्यंत इतरांना संसर्ग देऊ शकतो. मुलाच्या अंगावर ५ मार्चला पुरळ आले, म्हणजे १ मार्चपासून ते संसर्ग देऊ शकत होते. २ तारखेला ते साडेदहा ते बारा या वेळात ओपीडीत होते असे समजू. तुमच्या नोंदवहीतली वेळ वेगळी असल्यास ती घाला. रुग्ण निघून गेल्यावरही बंद जागेतल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो, म्हणून ओपीडीचा कालावधी साडेदहा ते दुपारी दोन असा होतो. विभागाचा कालावधी ३ तारखेच्या संध्याकाळपासून ते मुलाला हलवल्यानंतर दोन तासांपर्यंत. सकाळी अकराला हलवले असेल, तर ५ तारखेच्या दुपारी एकपर्यंत.

आता परिचारिकेचे पाहू. तिचे पुरळ आजचे, म्हणजे तिला गोवर असेल तर २ मार्चपासूनच्या तिच्या पाळ्याही मोजाव्या लागतील. समजा ती २, ३ आणि ४ तारखेला सकाळी आठच्या पाळीला होती आणि ५ तारखेला ताप आल्यामुळे घरी होती. मग विभागाचा कालावधी मुलाच्या दाखल होण्यापासून सुरू होत नाही, २ मार्चच्या सकाळी आठपासून सुरू होतो. तिचा अहवाल आलेला नाही हे खरे, पण कालावधी ठरवताना तिला गोवर आहे असेच धरा. मध्ये काही तास असे सापडतील, की तेव्हा विभागात ना ती होती, ना ते मूल. पत्रकात असे तुकडे पाडू नका. «२ मार्च सकाळी ८ ते ५ मार्च दुपारी १» असा एक सलग कालावधी द्या. तासातासाचा हिशेब फोन करणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत असू द्या.

या परिचारिकेबद्दल एक गोष्ट तुम्हाला आजच ठाऊक असली पाहिजे, कारण उद्याचा मथळा तिच्यावरच असेल. «मुलाकडून परिचारिकेला लागण» असे वार्ताहर गृहीत धरतील. ते शक्य नाही. संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण १० ते १४ दिवस जातात. कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त २१ दिवस धरतात. २ किंवा ३ तारखेला भेटलेल्या मुलापासून ६ तारखेला पुरळ येत नाही. आजपासून मागे मोजले, तर तिला संसर्ग १३ ते २७ फेब्रुवारी या काळात कधीतरी झाला असणार. पण हाच हिशेब तुम्हाला उलट दिशेनेही बांधून ठेवतो. तुमचा पहिला रुग्ण २४ फेब्रुवारीला दाखल झाला, आणि २४ तारीख या काळात बसते. म्हणजे तिला रुग्णालयातच संसर्ग झाला असण्याची शक्यता खुली आहे, आणि वस्तीत झाला असण्याचीही. «कर्मचाऱ्याला बाहेर संसर्ग झाला» असे लिहिण्याचा मोह प्रत्येक व्यवस्थापनाला होतो. तसे लिहू नका. उद्या आरोग्य विभागाच्या तपासात वेगळे निघाले, तर तुमच्या पत्रकातल्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

पत्रक बाहेर पडण्याआधी तीन फोन व्हायला हवेत. पहिला महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. सातही मुलांची नोंद एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात झाली आहे का ते तपासा, परिचारिकेची आज करा आणि पत्रकाचा मसुदा अधिकाऱ्यांना वाचून दाखवा. शहरात एकूण किती रुग्ण, कोणत्या भागात, साथ जाहीर झाली की नाही, हे बोलण्याचा अधिकार त्यांचा आहे. चार आठवड्यांत एका भागात ५ किंवा अधिक संशयित रुग्ण आणि त्यांपैकी किमान दोघांचे प्रयोगशाळेत निश्चित निदान, असा आपल्याकडे गोवराच्या उद्रेकाचा निकष आहे. तुमची मुले एकाच भागातली असतील तर हा निकष कदाचित पूर्णही झाला असेल, पण ते ठरवून सांगणे रुग्णालयाचे काम नाही. रुग्णालयाने स्वतःच्या भिंतींच्या आतले सांगावे आणि तेवढे पूर्ण सांगावे.

दुसरा फोन संपर्कात आलेल्या कुटुंबांना. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईला ही बातमी वर्तमानपत्रातून कळली, तर पत्रकातला एकही शब्द तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. दाखल रुग्णांची यादी सोपी असते. राहून जातात ते लोक म्हणजे खाटेशी बसलेली आजी, डबा घेऊन येणारा मामा आणि त्याच्या हाताला धरून आलेले धाकटे भावंड. म्हणून फोनवर «तुमच्यासोबत आणखी कोण कोण आत आले होते» हा प्रश्न प्रत्येकाला विचारायला सांगा. आधी तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण, मग बाकीचे, असा क्रम ठेवा. संध्याकाळपर्यंत सगळे फोन होणार नाहीत. चालेल. पत्रकात «फोन करत आहोत» असे लिहा, «सर्वांशी संपर्क साधला आहे» असे लिहू नका.

तिसरा निरोप तुमच्याच कर्मचाऱ्यांना. सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, उपाहारगृहातली माणसे यांना नातेवाईक सर्वांत आधी विचारतात, आणि त्यांच्या तोंडून निघालेली माहिती पत्रकाच्या आधी गावभर होते. पत्रकाची प्रत त्यांच्या हातात अर्धा तास आधी द्या.

आता मसुदा. यातल्या वेळा तुमच्या नोंदींप्रमाणे बदलून घ्या.

---

प्रसिद्धिपत्रक क्र. १
६ मार्च, सायंकाळी ६ वाजता. ही माहिती आज सायंकाळी ५ वाजेपर्यंतची आहे.

२४ फेब्रुवारीपासून आमच्या रुग्णालयात गोवराची लक्षणे असलेली ७ मुले दाखल झाली आहेत. त्यांपैकी ३ मुलांना गोवर असल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीतून निश्चित झाले असून ४ मुलांचे अहवाल यायचे आहेत. आज बालविभागातील एका परिचारिकेमध्येही अशीच लक्षणे दिसली असून तिचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत. सर्व रुग्णांवर उपचार सुरू आहेत. महापालिकेच्या आरोग्य विभागाला याची माहिती देण्यात आली आहे.

या मुलांपैकी एक मूल पुरळ दिसण्यापूर्वी आमच्या ओपीडीत आणि सर्वसाधारण बालविभागात होते. पुरळ दिसताच त्याला वेगळ्या कक्षात हलवण्यात आले. गोवराचा रुग्ण पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्यामुळे खालील वेळेत येथे असलेल्या व्यक्तींचा गोवराशी संपर्क आलेला असू शकतो :

बालरुग्ण ओपीडी आणि तिचे प्रतीक्षालय : २ मार्च, सकाळी १०.३० ते दुपारी २.
बालविभाग : २ मार्च सकाळी ८ ते ५ मार्च दुपारी १.

आपण किंवा आपले मूल यांपैकी कोणत्याही वेळी तेथे असाल, तर कृपया आज रात्रीच ( . . . ) या क्रमांकावर फोन करा. हा फोन चोवीस तास सुरू आहे. मूल एक वर्षापेक्षा लहान असल्यास, आपण गरोदर असल्यास, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा उपचार असल्यास, किंवा मुलाला गोवराची लस मिळालेली नसल्यास विलंब करू नका. संपर्कानंतर ठरावीक मुदतीतच देता येणारे प्रतिबंधक उपचार उपलब्ध आहेत आणि ते येथे विनामूल्य दिले जातील. आमचे डॉक्टर स्वतःहूनही अशा कुटुंबांना फोन करत आहेत.

या वेळेत आपण येथे नसाल, तर या संपर्कामुळे आपल्याला वेगळे काही करण्याची गरज नाही. मुलाचे लसीकरण कार्ड मात्र एकदा पाहावे. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. राहिलेली मात्रा सरकारी लसीकरण केंद्रात मोफत मिळते. दोन्ही मात्रा घेतलेल्या मुलांना गोवर होण्याची शक्यता फारच कमी असते.

ताप आणि पुरळ असलेल्या मुलाला थेट ओपीडीत आणू नये. आधी वरील क्रमांकावर फोन करावा. त्याला वेगळ्या प्रवेशद्वारातून तपासण्याची सोय केली आहे. श्वास घेण्यास त्रास, झटके, अति सुस्ती किंवा दूध-पाणी न घेणे यांपैकी काही असल्यास लगेच आणावे आणि प्रवेशद्वारावरच पुरळ असल्याचे सांगावे.

वरील संपर्कातून पुढे काही जणांना गोवर झाल्याचे आढळू शकते. तसे झाल्यास लक्षणे बहुधा १२ ते १९ मार्चच्या सुमारास दिसतील. संपर्कातील सर्वांवर आम्ही २६ मार्चपर्यंत लक्ष ठेवणार आहोत. परिचारिकेला संसर्ग कोठून झाला असावा याचा तपास आरोग्य विभागासोबत सुरू आहे.

रुग्णालयाच्या इतर सर्व सेवा सुरू आहेत. पुढील माहिती ८ मार्च रोजी सायंकाळी ६ वाजता देण्यात येईल. शहरातील एकूण रुग्णसंख्येबाबत महापालिकेच्या आरोग्य विभागाशी संपर्क साधावा.

— वैद्यकीय अधीक्षक

---

मसुद्यात लिहिलेली प्रत्येक सोय खरोखर असली पाहिजे. चोवीस तासांच्या फोनवर रात्री दोन वाजता उचलणारा माणूस हवा आणि त्याच्यापुढे नेमके प्रश्न असलेला कागद हवा : कधी आलात, किती वेळ होतात, सोबत कोण होते, वय काय, लस झाली का. «विनामूल्य» लिहिण्यापूर्वी व्यवस्थापनाची संमती घ्या. संपर्क तुमच्या विभागात झाला आहे, त्याचे बिल त्या कुटुंबाला लावणे मला योग्य वाटत नाही. इम्युनोग्लोब्युलिनचा साठा किती आहे आणि कमी पडला तर कोठून येईल, हेही आधी विचारून ठेवा. वेगळे प्रवेशद्वार अजून ठरलेले नसेल, तर पत्रक पाठवण्यापूर्वी ते ठरवा आणि तेथे पाटी लावा.

«मूल सर्वसाधारण बालविभागात होते» हे वाक्य काढून टाकावे, असे व्यवस्थापन म्हणेल. ते ठेवाच. संपर्काचा कालावधी जाहीर केला की ही गोष्ट कोणालाही कळते, आणि तुम्ही ती लपवलीत असे दिसले तर चूक नसलेल्या ठिकाणी चूक दिसू लागेल. पुरळ येण्याआधीचे तीन-चार दिवस गोवरात ताप, खोकला, सर्दी आणि लाल डोळे एवढेच ठळकपणे दिसते. न्यूमोनिया घेऊन आलेल्या लहान मुलात तेवढ्यावरून गोवर ओळखणे अवघड असते. वार्ताहराने विचारले तर हे सांगावे. पत्रकात मात्र सफाई देऊ नये, घडलेले तेवढे लिहावे. शिवाय एक प्रश्न नक्की येईल : आधीच्या मुलांमुळे तुम्हाला गोवराची कल्पना होती, मग ताप-खोकल्याच्या मुलांना वेगळे का बसवले नाही? याचे खरे उत्तर काय आहे ते वैद्यकीय अधीक्षकांनी आजच बालरोगतज्ज्ञांसोबत बसून ठरवावे. कॅमेऱ्यासमोर ते पहिल्यांदा शोधू नये.

आकड्यांच्या बाबतीत «७ संशयित, त्यांपैकी ३ निश्चित» ही मांडणी शेवटच्या पत्रकापर्यंत बदलू नका. एका दिवशी संशयित आणि दुसऱ्या दिवशी निश्चित असा आकडा दिला की ७ वरून ३ वर आल्याचे दिसते आणि रुग्णालय आकडे दडवते अशी कुजबुज सुरू होते. परिचारिकेची मोजणी मुलांपासून वेगळी ठेवली आहे, कारण वाचकाला तिचे महत्त्व वेगळे आहे. तिच्या अहवालाबद्दल एक सावधगिरी बाळगा. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत गोवर असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आज घशाचा स्वॅबही पाठवा आणि परवा रक्ताचा अहवाल निगेटिव्ह आला, तर «परिचारिकेला गोवर नाही» असे जाहीर करण्याची घाई करू नका. तसे जाहीर करून आठवड्याने मागे घेतले, तर जे नुकसान होते ते भरून निघत नाही. त्या वेळी «पहिल्या तपासणीत गोवर आढळलेला नाही, तपासणी लवकर केलेली असल्याने ती पुन्हा केली जाईल» एवढे पुरे.

«पुढे काही जणांना गोवर झाल्याचे आढळू शकते» या वाक्याला सर्वांत जास्त विरोध होईल, आणि माझ्या मते पत्रकातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे. २ ते ५ मार्चच्या संपर्कातून आजारी पडणारे लोक आज पूर्णपणे बरे दिसत आहेत. ते आठवड्याभराने आजारी पडू लागतील, आणि तोवर तुम्ही काय लिहिले होते ते लोकांच्या लक्षात असेल. «नियंत्रणात आहे» लिहून नंतर १४ तारखेला तीन नवे रुग्ण जाहीर करणाऱ्या रुग्णालयाला मग कोणतेच वाक्य वाचवत नाही. तेच तीन रुग्ण आधी सांगितलेल्या तारखांत आले, तर ते तुमच्या बोलण्याची खात्री देतात. पहिल्या संपर्कापासून १० दिवस म्हणजे १२ मार्च आणि शेवटच्या संपर्कापासून १४ दिवस म्हणजे १९ मार्च, हा हिशेब मसुद्यात आहे. २६ तारीख शेवटच्या संपर्कापासून २१ दिवसांची. ज्यांना इम्युनोग्लोब्युलिन दिले जाईल त्यांच्यात आजार उशिरा दिसू शकतो, म्हणून त्यांच्यावर २८ दिवस लक्ष ठेवायचे असते. ते पत्रकात न घालता त्या कुटुंबांना वेगळे सांगा. नवा रुग्ण १९ मार्चनंतर आणि या यादीबाहेरचा निघाला, तर मात्र तुमचा संपर्कशोध कोठेतरी अपुरा पडला आहे किंवा संसर्गाचा दुसरा स्रोत आहे असे समजा आणि पुढच्या पत्रकात तसे लिहा.

मसुद्यात जे नाही तेही जाणूनबुजून वगळलेले आहे. मुलांची वये, वस्ती, शाळा आणि कोणाला लस मिळाली नव्हती, यांतले काही दिलेले नाही. सात मुलांमध्ये एक वय आणि एक वस्ती दिली की मोहल्ल्यात मूल ओळखले जाते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी रुग्णाची माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. अधिसूचित आजार आरोग्य यंत्रणेला कळवण्यास मुभा आहे, वर्तमानपत्राला कळवण्यास नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला, तेव्हा चर्चा मुलांच्या कुपोषणावरून आणि दाटीवाटीवरून फार लवकर त्या वस्तीतल्या पालकांच्या दोषावर गेली. दोष लागलेल्या पालकांची पावले मुलाला घेऊन केंद्रात यायला जड होतात, आणि नेमकी तीच मुले लवकर यायला हवी असतात. «पालकांच्या निष्काळजीपणामुळे» हा शब्दप्रयोग तुमच्या प्रवक्त्याच्या तोंडीही येऊ देऊ नका. ९ महिन्यांखालील बाळाला तर नेहमीच्या वेळापत्रकात लस मिळालेलीच नसते.

रुग्णांच्या प्रकृतीबद्दल मसुदा मुद्दाम मोघम ठेवला आहे. «सर्वांची प्रकृती स्थिर» हे वाक्य सवयीने येते, पण एखादे मूल प्राणवायूवर असेल तर ते खरे नाही. आज पाच वाजता प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारा आणि मगच त्या जागी लिहा : «एका मुलाला प्राणवायू द्यावा लागत आहे, इतरांना नाही» किंवा जे असेल ते. फक्त तसे लिहिण्यापूर्वी त्या मुलाच्या आईवडिलांना सांगा. दुर्दैवाने एखादा मृत्यू झाला, तर ठरलेल्या ८ तारखेची वाट न पाहता, कुटुंबाला आणि आरोग्य अधिकाऱ्यांना कळवल्यानंतर, त्याच दिवशी चार ओळींचे स्वतंत्र पत्रक काढावे. त्यात लसीकरणाचा सल्ला जोडू नये. त्या दिवशी तो उपदेशासारखा वाचला जातो.

पत्रक पाठवताना मजकुराचे छायाचित्र नव्हे, मजकूरच पाठवा. छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरताना वरची तारीख-वेळ कापली जाते आणि तीन आठवड्यांनीही लोक त्या क्रमांकावर फोन करत राहतात. पत्रक क्रमांक आणि «सायंकाळी ५ वाजेपर्यंतची माहिती» ही ओळ त्यासाठीच आहे. मराठीसोबत हिंदी आणि उर्दू प्रत लागत असेल, तर तारखा आणि वेळा तिन्ही प्रतींत एकाच माणसाने ताडून पाहाव्यात. बोलणारी व्यक्ती एकच ठेवा, आणि ती शक्यतो डॉक्टर असावी.

उद्या सकाळी वर्तमानपत्रे पाहिल्यावर तासाभरात दोन गोष्टी तपासा. संपर्काच्या तारखा आणि वेळा बरोबर छापल्या आहेत का, आणि फोन क्रमांक छापला आहे का. यांत चूक असेल तर लगेच संपादकांना फोन करून दुरुस्ती मागा. मथळा भडक आहे म्हणून फोन करू नका. पत्रक उपयोगी पडले की नाही, हे मथळ्यापेक्षा रात्रीच्या फोनच्या नोंदवहीवरून कळते. यादीतले किती लोक आपणहून बोलले, आणि यादीत नसलेले पण कालावधीत बसणारे किती सापडले, ते मोजा. दुसऱ्या प्रकारचे लोक सापडले तर पत्रकाने आपले काम केले.

८ तारखेचे पत्रक सांगण्यासारखे काही नवे नसले तरी काढा. «गेल्या दोन दिवसांत नवा रुग्ण दाखल झालेला नाही, संपर्कातील इतक्या जणांना लस आणि इतक्या जणांना इम्युनोग्लोब्युलिन दिले» एवढेही पुरेसे असते. त्याच सुमारास कर्मचाऱ्यांचा प्रश्न समोर येईल : ज्यांच्याकडे दोन मात्रांचा किंवा पूर्वी गोवर झाल्याचा पुरावा नाही आणि तपासणीतही प्रतिकारशक्ती दिसत नाही, त्यांना पहिल्या संपर्कानंतरच्या पाचव्या दिवसापासून, म्हणजे ७ मार्चपासून, २६ मार्चपर्यंत कामावरून दूर ठेवावे लागते. किती जणांना दूर ठेवले हे दुसऱ्या पत्रकात जरूर सांगा. शेवटच्या पत्रकासाठी तारीख आजच लिहून ठेवा. शेवटच्या रुग्णाच्या पुरळापासून ४२ दिवस, म्हणजे संसर्गापासून पुरळापर्यंतच्या जास्तीत जास्त २१ दिवसांच्या दुप्पट काळ, नवा रुग्ण आला नाही तरच रुग्णालयातला प्रसार थांबला असे म्हणता येते. परिचारिकेनंतर कोणीही आजारी पडले नाही, तर ती तारीख १७ एप्रिल आहे, आणि एक जरी नवा रुग्ण आला तरी मोजणी त्याच्या पुरळाच्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागेल.